डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आलाय, पण तारीख नाही आणि कंपनीचं नाव पण नाही, मग रजेचा अर्ज कसा लिहायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चाळीत, सोसायटीत, झेरॉक्सच्या दुकानात कोणीतरी एक असतोच ज्याच्याकडे सगळे अर्ज लिहायला येतात. हल्ली ते येत पण नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवतात आणि खाली एक ओळ, "रजेचा अर्ज बनवून द्या ना". ना रजा कधीपासून ते सांगितलेलं, ना नोकरी कुठे ते. अशा वेळी जे प्रश्न परत परत येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितोय, दुसऱ्यासाठी अर्ज लिहिणाऱ्यांसाठी पण आणि स्वतःचा लिहिणाऱ्यांसाठी पण.

फोटोत तारीखच दिसत नाहीये. अर्ज लिहायचा का थांबायचं?

लिहायचा, पण तारखेची जागा रिकामी ठेवून. अर्जात दोन प्रकारची माहिती असते. एक जी चिठ्ठीत दिसते, म्हणजे डॉक्टरने काय तपासलं, किती दिवस आराम सांगितला. दुसरी जी फक्त त्या माणसालाच माहीत असते, म्हणजे तो कामावर कधीपासून गेला नाही, परत कधी जाणार, नोकरी कुठे, हुद्दा काय, एम्प्लॉयी नंबर काय. पहिली चिठ्ठीतून घ्या आणि दुसरी विचारा, आणि ती येईपर्यंत तिथे मोठी रेघ मारून ठेवा. अंदाजाने भरू नका, कारण तुम्ही अंदाजाने टाकलेली तारीख समोरचा तपासत नाही, त्याला वाटतं तुम्ही चिठ्ठी बघूनच टाकली असणार आणि तो तसाच सही करून देऊन टाकतो. मग मस्टरवर एक तारीख, सर्टिफिकेटवर दुसरी, आणि उत्तर द्यायला तो बिचारा आजारातून उठलेला माणूस.

चिठ्ठीत स्पष्ट "३ दिवस" लिहिलंय, मग तीन दिवसांची रजा लिहू ना?

आधी बघा की ते "३ दिवस" चिठ्ठीत कुठे लिहिलंय. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डॉक्टरची चिठ्ठी साधारण वरून खाली एका क्रमाने जाते. आधी नाव, वय, मग पेशंटची तक्रार, मग तपासणीत काय दिसलं, वजन, बीपी, ताप वगैरे, मग औषधं आणि शेवटी सल्ला. "दिवस" हा आकडा यातल्या तीन जागी येऊ शकतो आणि तिन्ही जागी अर्थ वेगळा. तक्रारीच्या ओळीत, म्हणजे "सी/ओ" असं लिहून पुढे ताप आणि त्यापुढे गुणिले ३ दिवस असेल, तर ताप तीन दिवसांपासून येतोय, म्हणजे ते मागचे दिवस झाले. गोळीच्या नावापुढे बी.डी. किंवा टी.डी.एस. आणि गुणिले ५ असेल तर गोळी दिवसातून दोनदा किंवा तीनदा, पाच दिवस घ्यायची, त्याचा रजेशी काही संबंध नाही. माणूस बरा होऊन कामावर जातो आणि डबा खाऊन पाचव्या दिवसाची गोळी घेतो, असं रोज चालू असतं. रजेचे दिवस फक्त शेवटच्या सल्ल्याच्या भागात सापडतात, जिथे "रेस्ट" किंवा "बेड रेस्ट" असा शब्द आणि त्याच्या लागून आकडा असतो. रेस्ट शब्दच नसेल तर त्या चिठ्ठीवरून तुम्ही एकही दिवसाची रजा काढू शकत नाही, फक्त एवढंच म्हणू शकता की हा माणूस डॉक्टरकडे गेला होता.

अजून एक. काही डॉक्टर, खासकरून जुने, दिवस अपूर्णांकासारखे लिहितात. ५/७ म्हणजे पाच दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे, १/१२ म्हणजे एक महिना. आता तारीख शोधणाऱ्या माणसाला ५/७ दिसलं की तो आनंदाने "५ जुलै" लिहून टाकतो. ओळखायचं कसं? तारीख बहुतेक वेळा कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात किंवा सहीजवळ असते आणि सोबत वर्ष असतं. औषधाच्या ओळीच्या शेवटी वर्षाशिवाय असा आकडा असेल तर ती मुदत समजा, तारीख नाही. आणि "रिव्ह्यू" किंवा "फॉलोअप" असं लिहून पुढे आकडा असेल तर तो परत दाखवायला यायचा दिवस, तोपर्यंत रजा मिळालीच असा अर्थ धरू नका.

फोटो ज्या दिवशी आला तीच तारीख धरली तर काय बिघडलं?

फोटो त्या दिवशी *आला*, चिठ्ठी त्या दिवशी लिहिली हे कशावरून? अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपने सेव्ह केलेल्या फोटोचं नाव IMG-20250717-WA0009.jpg असं काहीतरी असतं आणि लोक त्यातून १७ जुलै २०२५ काढतात. पण ती तारीख व्हॉट्सअ‍ॅपने फोटो सेव्ह केला त्या दिवसाची आहे. काकूंनी मंगळवारी दाखवलं, बुधवारी मुलाला फोटो पाठवला, त्याने गुरुवारी तुम्हाला फॉरवर्ड केला, की तुमच्या फोनवर गुरुवार. शिवाय साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि कॅमेऱ्याने आत साठवलेली मूळ तारीख-वेळ निघून जाते. ज्याच्या फोनने फोटो काढलाय त्याच्या गॅलरीत डिटेल्समध्ये ती सापडेल, पण ती पण फोटो काढल्याची तारीख, तपासल्याची नाहीच. एवढंच म्हणता येतं की डॉक्टरकडे त्या दिवशी किंवा त्याच्या आधी गेले होते.

मग खरी तारीख काढायची कुठून?

सगळ्यात आधी पूर्ण कागदाचा फोटो परत मागवा. चारही कोपरे दिसले पाहिजेत, खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश बंद करून, कारण फ्लॅशने शिक्का नेमका पांढरा होतो. मागची बाजू पण मागा. खूप दवाखान्यांत औषधं पुढे आणि आराम वगैरे मागे लिहितात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, तसं केलं की अक्षर फुटत नाही. निम्म्या वेळा तारीख कागदावर असतेच, फक्त अंगठ्याखाली झाकलेली असते नाहीतर फोटोत कापलेली असते.

कागदावर खरंच नसेल तर आजूबाजूचे कागद विचारा. केमिस्टचं बिल, रक्ताच्या रिपोर्टवर सॅम्पल घेतल्याची तारीख, दवाखान्याची फी यूपीआयने दिली असेल तर त्याची नोंद. महापालिकेच्या किंवा सरकारी हॉस्पिटलात दाखवलं असेल तर ओपीडीचा केस पेपर काढतानाच त्यावर तारीख आणि नंबर पडतो, तो नीट बघा. यातलं काहीही सर्टिफिकेटची जागा घेत नाही, पण माणसाला आठवायला मदत होते, "हां, बिल मंगळवारचं आहे म्हणजे मंगळवारीच गेलो होतो".

केमिस्टच्या शिक्क्याबद्दल मुद्दाम सांगतो. औषध दिल्यावर केमिस्ट चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकतो. फोटोत तो शिक्का ठळक दिसतो आणि डॉक्टरची सही बारीक, मग लोक त्यालाच डॉक्टरचा शिक्का समजतात. शिक्क्यात "मेडिकल", "केमिस्ट", "ड्रगिस्ट" असं वाचता येतंय का बघा. त्यावरची तारीख औषध घेतल्याची आहे, जी डॉक्टरकडे गेल्यानंतर एक-दोन दिवसांनी पण असू शकते.

डॉक्टर तारीख टाकायला विसरलेत. आपणच पेनाने टाकली तर? सगळे टाकतात.

नको, अजिबात नको. अर्ज तुमचा आहे, त्यात तुम्ही काय हवं ते लिहा आणि त्याची जबाबदारी घ्या, पण डॉक्टरच्या कागदावर दुसऱ्याचं अक्षर पडलं की तो कागदच संशयात येतो. खरा आजार, खरा डॉक्टर, आणि वेगळ्या शाईतल्या एका तारखेमुळे सगळं खोटं वाटायला लागतं. मोबाईलवर फोटो एडिट करून तारीख बसवणं तर त्याहून वाईट. भारतीय न्याय संहितेत बनावट कागद तयार करणं हे कलम ३३६ मध्ये आणि तो खरा म्हणून वापरणं हे कलम ३४० मध्ये गुन्हा आहे, आणि ऑफिसात गोष्ट पोलिसांपर्यंत नाही गेली तरी नोकरी जायला तेवढं पुरेसं असतं.

सरळ रस्ता असा की कागद घेऊन डॉक्टरकडे परत जायचं आणि सांगायचं, तारीख राहिलीय. डॉक्टर स्वतः तारीख टाकून बाजूला सही करतात किंवा नवीन सर्टिफिकेट देतात. डॉक्टरांना दिलेल्या सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरमध्ये ठेवायचा नियम आहे, त्यामुळे सर्टिफिकेट दिलं असेल तर नेमकी तारीख त्यांच्याकडे मिळायला हवी. फक्त एक अपेक्षा ठेवू नका, की डॉक्टर तपासायच्या आधीच्या दिवसांचं पण लिहून देतील. सोमवारी तुम्हाला ताप होता हे मंगळवारी भेटलेला डॉक्टर फार तर "पेशंटच्या सांगण्यानुसार" म्हणून लिहू शकतो. त्या दिवसाची रजा वेगळी मागायची, ते खाली उदाहरणात दाखवतो.

कंपनीचं नाव माहीत नाही. "प्रति" मध्ये काय लिहू?

"मा. व्यवस्थापक" एवढं लिहून खाली रेघ सोडा आणि विचारा. पण विचारताना "कुठे कामाला आहात?" असं विचारू नका, त्याचं उत्तर मुंबईत फार फसवं असतं. माणूस सांगतो "बीकेसीला बँकेत", आणि असतो हाउसकीपिंगच्या कॉन्ट्रॅक्टरकडे. गार्ड, लिफ्टमन, इलेक्ट्रिशियन, पँट्रीतली मुलं, डेटा एन्ट्रीवाले, किती जण एका कंपनीच्या बिल्डिंगमध्ये बसतात आणि पगार दुसऱ्याच कंपनीचा घेतात. गळ्यातल्या पट्ट्यावरचा लोगो बघून अर्ज लिहिला तर तो ज्याला रजा मंजूर करायचा अधिकारच नाही अशा माणसाच्या टेबलावर जाऊन पडतो, आणि ज्याच्याकडे हजेरी आहे त्याच्या वहीत खाडा लागतो.

म्हणून विचारायचं असं, "पगाराच्या स्लिपवर कंपनीचं नाव काय आहे?" स्लिप मिळत नसेल तर बँकेच्या पासबुकात पगार कोणाच्या नावाने जमा होतो ते, किंवा अपॉइंटमेंट लेटर. अर्ज त्या नावाने. आणि जिथे प्रत्यक्ष काम करतो तिथल्या सुपरवायझरला प्रत. हुद्दा, साइट आणि एम्प्लॉयी नंबर हे तीन मात्र न विसरता विचारा, मोठ्या कॉन्ट्रॅक्टरकडे एकाच नावाची पाच माणसं असतात.

सरकारी किंवा महापालिकेतल्या माणसाचा अर्ज असेल तर वरच्या साहेबांच्या नावाने पण खात्याप्रमुखाच्या मार्फत, असा रस्ता असतो, आणि सर्टिफिकेटचा नमुना पण ठरलेला असतो, त्यामुळे तिथे ऑफिसातल्या क्लार्ककडून छापील फॉर्म मागवणं सगळ्यात बरं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवा ना.

एका भाच्याने मामांसाठी फोटो पाठवला, गुरुवारी, १७ जुलै २०२५ ला दुपारी. सोबत लिहिलेलं, "मामांचा अर्ज आजच द्यायचाय". फोटोत वरचा भाग कापलेला, म्हणजे डॉक्टरचं नाव आणि तारीख दोन्ही नाही. वाचता येत होतं ते एवढं: पुरुष, ४६ वर्षं. तक्रारीत ताप, थंडी, अंगदुखी, गुणिले २ दिवस. खाली तीन औषधं, त्यातल्या दोनपुढे ५ दिवस. मग रक्ताच्या तपासण्या, सीबीसी, मलेरिया, डेंग्यू. आणि शेवटी "रेस्ट ३ दिवस, रिपोर्ट घेऊन या". खाली सही आणि केमिस्टचा गोल शिक्का, तारीख पुसट.

यात तीन आकडे आहेत, २, ५ आणि ३. रजेचा फक्त ३. घाईत लिहिणाऱ्याने १७ पासून धरून १७, १८, १९ अशी रजा टाकली असती. तसं न करता पहिला मसुदा असा केला:

प्रति,
मा. व्यवस्थापक,
________ (पगाराच्या स्लिपवरचं कंपनीचं नाव)

विषय: वैद्यकीय कारणास्तव रजा मिळण्याबाबत.

महोदय,
मी ________ (पूर्ण नाव), ________ (हुद्दा), एम्प्लॉयी नंबर ________, आपल्या ________ (साइट) येथे काम करतो. ताप, थंडी आणि अंगदुखीमुळे मी दि. ________ रोजी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी रक्ताच्या तपासण्या व ३ दिवस आराम सांगितला आहे. त्यामुळे मी दि. ________ ते दि. ________ कामावर येऊ शकलो नाही. कृपया ही रजा मंजूर करावी. डॉक्टरांचे सर्टिफिकेट सोबत जोडले आहे.

आपला विश्वासू,
________ (सही, नाव, मोबाईल)
दि. ________ (अर्ज देण्याची तारीख)

बघा, "३ दिवस" भरलंय कारण ते कागदावर दिसत होतं. "डेंग्यू झाला आहे" असं लिहिलेलं नाही, कारण डॉक्टरने डेंग्यूची तपासणी सांगितली होती, डेंग्यू आहे असं कुठेच म्हटलं नव्हतं. पावसाळ्यात ही चूक खूप होते, तपासणीचं नाव वाचून लोक आजाराचं नाव लिहितात आणि मग रिपोर्ट निगेटिव्ह आला की अर्ज खोटा दिसतो.

मसुद्यासोबत भाच्याला चार प्रश्न पाठवले. मामा शेवटचे कामावर कधी होते? डॉक्टरकडे कुठल्या दिवशी, सकाळी का संध्याकाळी? पगाराच्या स्लिपवर नाव कोणाचं? आणि पगारातून ईएसआयसी कापली जाते का? उत्तरं आली ती अशी. शनिवारी १२ तारखेला कामावर होते, रविवार सुट्टी, सोमवारी १४ ला ताप आला म्हणून गेले नाहीत, मंगळवारी १५ ला संध्याकाळी दाखवलं. काम अंधेरीला एका ऑफिस बिल्डिंगमध्ये इलेक्ट्रिशियनचं, पण पगार मेंटेनन्सच्या कॉन्ट्रॅक्टरकडून. ईएसआयसी कापत नाहीत.

आता यात एक पेच होता. संध्याकाळी दाखवलं तर तीन दिवस १५ पासून मोजायचे का १६ पासून? १५ पासून मोजले तर १७ ला संपतात, १६ पासून मोजले तर १८ ला. हे ना तुम्ही ठरवायचं, ना मामांनी. रिपोर्ट दाखवायला जायचंच होतं, तेव्हा डॉक्टरकडून "पासून" आणि "पर्यंत" दोन्ही तारखांसकट सर्टिफिकेट लिहून घेतलं. त्यांनी १५ ते १७ लिहिलं आणि १८ पासून कामाला योग्य असं पण त्यातच टाकलं.

मग राहिला सोमवार, १४ तारीख. तो दिवस सर्टिफिकेटमध्ये नाही, आणि चार दिवसांना तीन दिवसांचं सर्टिफिकेट जोडून गप्प बसलं तर एचआरला लगेच दिसतं. म्हणून अर्जात उघड लिहिलं, "दि. १४ जुलै रोजी ताप आल्यामुळे मी कामावर येऊ शकलो नाही, त्या एका दिवसाची कॅज्युअल रजा धरावी. दि. १५ ते १७ जुलै या तीन दिवसांची वैद्यकीय रजा धरावी. दि. १८ जुलै, शुक्रवार रोजी मी कामावर रुजू होत आहे." औषधं १९ पर्यंत चालू होती, पण त्याचा अर्जात उल्लेखच नाही, गरज नव्हती. प्रति मध्ये कॉन्ट्रॅक्टरचं नाव, खाली प्रत म्हणून बिल्डिंगच्या फॅसिलिटी मॅनेजरला. आणि अर्जावर तारीख १८, कारण दिला त्या दिवशी. अर्जाची तारीख मागची टाकू नका, आवक नोंदीत ती खऱ्या दिवसालाच चढते.

पण "आजच द्यायचाय" म्हणतात त्यांचं काय करायचं?

आज द्यायची असते ती खबर, अर्ज नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करून टाका म्हणजे घाईच संपते. सुपरवायझरला लगेच एक मेसेज पाठवायला सांगा: "सर, मला ताप आहे, डॉक्टरांनी ३ दिवस आराम सांगितलाय, सर्टिफिकेट मिळालं की अर्जासोबत देतो." यात एकही शोधलेली तारीख नाही आणि मेसेजची स्वतःची तारीख-वेळ आपोआप राहते, जी पुढे "कळवलंच नाही" असं कोणी म्हणालं तर कामाला येते. मामांनी हेच सोमवारी सकाळी केलं असतं तर अजून बरं झालं असतं, पण गुरुवारी केलं तरी चाललं.

आजाराचं नाव लिहावंच लागतं का?

साध्या तापाला लिहिलं तर काही बिघडत नाही. पण चिठ्ठीत मानसिक आजाराची औषधं असतील, बाईमाणसाचं काही असेल, एचआयव्ही, टीबी असं काही असेल, तर अर्जात फक्त "वैद्यकीय कारणास्तव" लिहा आणि पुढे काय सांगायचं ते त्या व्यक्तीला ठरवू द्या. अर्ज चार टेबलांवरून फिरतो. फोटोतून गोळीचं नाव वाचून, गूगल करून, आजार शोधून तो अर्जात टाकणं हे तर कधीच करू नका, एकच गोळी पाच वेगवेगळ्या कारणांसाठी देतात. आणि हो, असा फोटो काम झाल्यावर तुमच्या फोनमधून डिलीट करा, दुकानाच्या कॉम्प्युटरवरून पण.

ही औषधाची चिठ्ठीच अर्जाला जोडली तर चालेल का?

एक-दोन दिवसांच्या रजेला खूप ऑफिसांत चालते. त्यापेक्षा जास्त असेल तर वेगळं सर्टिफिकेट मागतात, किती दिवसांनंतर ते त्या त्या कंपनीच्या नियमावर. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रजेच्या सर्टिफिकेटचा नमुनाच दिलाय आणि त्याच्यात काय असतं बघा: पेशंटची सही किंवा अंगठा, आजार, किती दिवस कामापासून लांब राहणं गरजेचं आणि ते *कुठल्या तारखेपासून*, आणि डॉक्टरची सही. म्हणजे जी तारीख फोटोत नाही म्हणून तुम्ही अडलात ती सर्टिफिकेटमध्ये असायलाच हवी.

डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर पण बघा. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा असतो. आपल्या गल्लीतले किती तरी डॉक्टर होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाचे असतात, त्यांची कौन्सिल वेगळी आणि नंबर पण वेगळा. त्यांचं सर्टिफिकेट चालतं का हे कंपनीला आधी विचारलेलं बरं, नाहीतर आजारी माणसाला परत दुसऱ्या डॉक्टरकडे धावावं लागतं.

ईएसआयसी कापत असतील तर काय वेगळं?

खूप वेगळं, म्हणूनच तो चौथा प्रश्न विचारायचा. ईएसआयसीवाल्या कामगाराला आजारपणात सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, पण त्यासाठी साधारण ईएसआयसीच्याच दवाखान्याचं किंवा त्यांच्या पॅनेलवरच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. गल्लीतल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर सुंदर अर्ज लिहून दिला आणि माणूस ईएसआयसीकडे गेलाच नाही, तर कंपनी गैरहजर म्हणते आणि भत्ता पण हातचा जातो. आजारपण लांबेल असं दिसत असेल तर अर्ज लिहायच्या आधी त्याला आधी तिकडे पाठवा. पहिले दोन दिवस साधारण भत्त्यात धरत नाहीत, त्यामुळे एक-दोन दिवसांच्या तापाला लोक जात नाहीत ते ठीक आहे.

रजा कुठल्या खात्यातून मागायची, सिक का कॅज्युअल?

ते पण चिठ्ठीत नसतं, विचारायचंच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी कॅज्युअल रजा आहे आणि ती दर तीन महिन्यांनी थोडी थोडी जमा होते, म्हणजे जानेवारीतच आठच्या आठ हातात नसतात. त्यावर कंपनी वेगळी सिक लिव्ह देत असेल तर ती तिच्या नियमांप्रमाणे. माहीत नसेल तर "माझ्या खात्यातील शिल्लक रजेतून मंजूर करावी" असं लिहा, खोटं पण नाही आणि अडत पण नाही.

रजेच्या मध्ये रविवार आला तर तो मोजायचा का?

डॉक्टरचे दिवस सलग असतात, त्यांना तुमचा वीकली ऑफ माहीत नसतो. शुक्रवारपासून ३ दिवस आराम म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवारी कामावर. लोक रविवार वगळून सोमवारपर्यंत ताणतात, तसं सर्टिफिकेटवर होत नाही. अर्जात सलग तारखा लिहा, रविवार रजेत धरायचा का नाही ते कंपनीचा नियम ठरवेल.

रेघा भरल्यात, सही झाली. देताना काय बघायचं?

आधी एक रेघ तरी रिकामी राहिलीय का ते बघा, मोबाईलवर असेल तर शोधा मध्ये दोन अंडरस्कोअर टाकून शोधा, आणि कंसातल्या तुमच्या सूचना काढल्यात का तेही. मग अर्जातल्या तारखा सर्टिफिकेटशेजारी ठेवून बोट ठेवत जुळवा: दाखवल्याची, पासून, पर्यंत, रुजू होण्याची. नाव पण जुळवा, दवाखान्यात "राजूभाऊ" म्हणून नोंद असते आणि मस्टरवर पूर्ण नाव असतं. वेगळं असेल तर डॉक्टरकडून आधारवरचं नाव लिहून घ्या. जोडायला झेरॉक्स द्या, मूळ सर्टिफिकेट मागितलं तरच द्या आणि देण्याआधी त्याचा पूर्ण, चारही कोपऱ्यांसकट फोटो काढून ठेवा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याची सही, तारीख घ्या. ईमेल असेल तर पाठवलेला मेल तसाच ठेवा. ती पोच निदान पुढच्या पगाराची स्लिप हातात येईपर्यंत जपा, आणि स्लिपमध्ये त्या तारखा बिनपगारी दिसल्या तर तीच घेऊन एचआरकडे जा.